पोझ एकीची, चेहरा दुसरीचा

नाटकाच्या पोस्टरसाठी फोटो काढायच्या दिवशी मुख्य अभिनेत्री येऊ शकली नाही. पोशाख, दिवे, छायाचित्रकार सगळं तयार होतं, म्हणून तिच्याच बांध्याच्या एका मुलीला पोशाख घालून उभं केलं आणि फोटो काढून घेतले. चेहरा नंतर दुसरीचा बसणार हे त्या मुलीला आधीच सांगितलेलं होतं, अभिनेत्रीनेही लेखी होकार दिला होता. बसवायचं काम माझ्याकडे आलं.

दिग्दर्शकाने निवडलेल्या फोटोत त्या मुलीचं डोकं तिच्या उजव्या खांद्याकडे कललेलं होतं, चेहरा स्वतःच्या डावीकडे वळलेला होता, हनुवटी जरा खाली आणि नजर थेट कॅमेऱ्यात. म्हणजे डोकं ज्या तीन तऱ्हांनी हलू शकतं त्या तिन्ही एकाच वेळी वापरलेल्या. पुढे गोंधळ नको म्हणून मी त्यांना तीन नावं ठेवते. कान खांद्याकडे जातो तो कल, ‘नाही’ म्हणताना होतं ते वळण, ‘हो’ म्हणताना होतो तो झुकाव. कल सपाट कागद फिरवल्यासारखा असतो, त्याने चेहऱ्याचा आकार बदलत नाही, म्हणून तो दुरुस्त करणं त्या मानाने सोपं. वळण आणि झुकाव यांत मात्र चेहऱ्याची खोली मध्ये येते, आणि खरं काम तिथेच असतं.

सुरुवातीला मला अभिनेत्रीचा मोबाइलवर काढलेला एक फोटो पाठवला गेला. हसरा, स्वच्छ, भरपूर पिक्सेलचा. तो मी परत पाठवला. हात लांब करून काढलेल्या फोटोत कॅमेरा नाकापासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतो आणि कान नाकाच्या मागे १२ सेंटिमीटरवर. म्हणजे नाक ६० वर, कान ७२ वर. नाक कानाच्या मानाने १.२ पट मोठं दिसतं. पोस्टरचा फोटो अडीच मीटरवरून काढलेला होता, तिथे हेच गुणोत्तर २६२ भागिले २५०, म्हणजे जेमतेम १.०५. दोन्हींमध्ये जवळपास १४ टक्क्यांचा फरक. तो फोटोशॉपच्या लिक्विफायमध्ये, म्हणजे ब्रशने चित्र ढकलायच्या टूलमध्ये, मधला भाग आत घेऊन आणि कडा बाहेर ओढून थोडा झाकता येतो, पण जवळून काढलेल्या फोटोत गालांच्या कडा आणि कानांचा काही भाग चेहऱ्याच्या गोलाईआड गेलेला असतो. जे फोटोत आलेलंच नाही ते ओढून कसं आणणार? लोक याला लेन्सचा दोष म्हणतात. दोष असलाच तर अंतराचा. त्याच अंतरावरून कुठल्याही लेन्सने काढा, नाक तेवढंच मोठं येईल.

म्हणून अभिनेत्रीचे नवे फोटो अडीच मीटरवरून, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून काढून घेतले. एक अगदी समोरून, एक बाजूने, आणि मधले बरेच, प्रत्येक वेळी चेहरा थोडाथोडा वळवत. दिवा पोस्टरमधल्याच बाजूला, डावीकडून वरून. या मधल्या फोटोंतला कुठला घ्यायचा हे ठरवताना मी हावभावाआधी नाकपुड्या आणि पलीकडच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा पाहते. नाकपुड्या पोस्टरच्या फोटोत जेवढ्या दिसतात त्याहून फार जास्त दिसत असतील तर तो फोटो बाद, कारण दिसणारं काळं भोक वॉर्पने, म्हणजे चित्रावर जाळी टाकून ती ओढल्याने, नाहीसं होत नाही, फक्त चपटं होतं. पलीकडच्या डोळ्याच्या कोपऱ्यानंतर गालाची एक तरी पट्टी दिसायला हवी. अशा चाळणीतून जो उरला त्यात वळण थोडं कमी होतं, झुकाव नव्हता आणि कल उलट दिशेला होता. पण भाव सुरेख होता, म्हणून तोच घेतला.

आता मोजमाप. हा भाग बरेच जण डोळ्यांच्या अंदाजाने उरकतात. चेहऱ्याचा लेयर अर्धा पारदर्शक करून खालच्या चेहऱ्यावर ठेवतात, डोळ्यांवर डोळे, ओठांवर ओठ येईपर्यंत ओढत राहतात. असं केल्यावर काय होतं ते पुढे सांगते. मला आधी तीन कोन आणि एक माप हवं होतं.

माप बुबुळावरून घेतलं. डोळ्यातला रंगीत गोल मोठ्या माणसांत जवळपास सारखाच असतो, पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास, एखाद्या मिलिमीटरचा फरक. डोक्याचा आकार, हनुवटी, कपाळ सगळं माणसागणिक बदलतं, हे एवढं फारसं बदलत नाही. आणि दोघीही कॅमेऱ्यात बघत असल्यामुळे तो गोल तिरका होऊन आखडलेलाही नव्हता. पोस्टरच्या फोटोत बुबुळ ४२ पिक्सेल रुंद होतं, अभिनेत्रीच्या फोटोत ५३. तिचा फोटो ७९ टक्के करायचा. असं केल्यावर दोन्हीकडे एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ३६ पिक्सेल झाले, आणि पुढचं सगळं गणित त्यावर चाललं. फोटो लहान करायचा होता हेही बरंच. मोठा करावा लागला असता तर त्वचेचा पोत पहिल्याच पायरीला विरघळला असता.

वळणाचा कोन समोरच्या फोटोवरून निघतो. चेहरा वळला की दोन बाहुल्यांमधलं अंतर कोनाच्या कोसाइनने आखडतं.

`cos(वळण) = वळलेल्या फोटोतलं अंतर / समोरच्या फोटोतलं अंतर`

पोशाखातल्या मुलीचा त्याच दिवशीचा एक समोरचा फोटो छायाचित्रकाराकडे होता. त्यात बाहुल्यांचं अंतर २२० पिक्सेल, पोझमध्ये १९९. वळण साधारण २५ अंश. अभिनेत्रीचं समोरून २२७, निवडलेल्या फोटोत २१६. वळण १८ अंश. म्हणजे मला चेहरा ७ अंश आणखी वळवायचा होता. हा आकडा लहान वाटतो. माझ्या मते वॉर्पने आठ ते दहा अंशांपर्यंतच वळण ढकलावं, त्यापुढे दुसरा फोटो शोधावा.

कल मोजताना एक गंमत असते. रूलर टूलने डोळ्यांवरून रेघ ओढली की वरच्या पट्टीत कोन दिसतो, आणि तोच कल समजून माणूस चेहरा फिरवून मोकळा होतो. पोस्टरच्या फोटोत डोळ्यांची रेघ ९ अंश तिरकी होती, पलीकडचा डोळा वर. मग मी कपाळाच्या मध्यापासून नाकाच्या मुळावरून हनुवटीपर्यंत मधली रेघ ओढली. ती उभ्यापासून ७ अंशच कललेली निघाली. वरचे २ अंश कलातून आलेले नाहीत. चेहरा वळलेला असताना हनुवटी खाली गेली की कॅमेरा त्याच्याकडे जरा वरून बघतो, आणि वरून बघताना लांबची गोष्ट वर दिसते. पलीकडचा डोळा लांब आहे, म्हणून तो वर. मधली रेघ खरा कल सांगते, डोळ्यांची रेघ कल आणि झुकाव यांची बेरीज सांगते. अभिनेत्रीच्या फोटोत झुकाव नव्हता, तिथे दोन्ही रेघा काटकोनात होत्या, फक्त ३ अंश उलट बाजूला कललेल्या. तेव्हा फिरवायचं ७ अधिक ३ म्हणजे १० अंश, ९ अधिक ३ म्हणजे १२ नव्हे. उरलेले २ अंश डोळ्यांच्या रेघेला स्क्यूने, म्हणजे चित्राची चौकट तिरकी सरकवून, द्यायचे. पूर्ण १२ अंश फिरवले असते तर डोळे जुळले असते आणि नाक-हनुवटी मानेवरून बाजूला सरकलेली दिसली असती. अशा वेळी बघणाऱ्याला मान मुरगळल्यासारखं वाटतं आणि का ते सांगता येत नाही.

काम फोटोशॉपमध्ये केलं. चेहऱ्याचा लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट केला, नाहीतर प्रत्येक फिरवण्या-ओढण्याला पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि चौथ्या पायरीला त्वचा मेणासारखी होते. माझी सवय अशी की फिरवणं आणि आकार एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये उरकायचे, मग तोच दुसऱ्या स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये ठेवून वॉर्प आणि लिक्विफाय त्या बाहेरच्यावर लावायचे. दिग्दर्शकाने उद्या ‘मान अजून जरा कलू दे’ म्हटलं तर आतला कोन बदलता येतो, बाहेरची जाळी तशीच राहते. `Ctrl+T` दाबल्यावर फिरण्याचा मध्यबिंदू दिसत नसेल तर वरच्या पट्टीतली त्याची चौकट टिक करावी लागते. तो बिंदू मी दोन डोळ्यांच्या मधोमध ठेवला आणि खालच्या फोटोतल्या मुलीच्या त्याच जागेवर आणला. मग घड्याळाच्या उलट दिशेने १० अंश, मग स्क्यू.

फिरवल्यावर लगेच खटकला तो प्रकाश. खरं डोकं कलतं तेव्हा दिवा जागेवर राहतो. फोटो फिरवला की दिवाही फिरतो. नाकाची सावली खाली-उजवीकडे पडलेली होती ती आडवी होऊ लागली, डोळ्यांतले चमकणारे ठिपके दहाच्या आकड्यावरून नऊकडे घसरले. दहा अंशांना हे सावरता येतं. ठिपके मिटवून योग्य जागी पुन्हा ठेवले, नाकाच्या सावलीची बाहेरची कड उजळ करून खालची थोडी गडद केली. तिच्या कानात लोंबतं डूल होतं, तेही तिरकं लोंबू लागलं. ते सरळ काढून टाकलं.

आता वळणाचे ७ अंश. साधा मार्ग म्हणजे चेहरा आडवा आखडायचा, २१६ चं अंतर २०६ करायचं, कारण तिच्या समोरच्या २२७ ला २५ अंशांचा कोसाइन लावला की तेवढंच येतं. साडेचार टक्के आखडलं की संपलं. पण असं केलेला चेहरा वळलेला दिसत नाही, निव्वळ बारीक झालेला दिसतो. कारण चेहरा सपाट नाही. धावत्या गाडीच्या खिडकीतून जवळचे खांब झरझर मागे जातात आणि लांबचे डोंगर हलत नाहीत, तसंच डोकं वळताना पुढे आलेला भाग जास्त सरकतो. डोळ्यांची पातळी शून्य धरली तर प्रत्येक भाग किती सरकेल ते त्याच्या खोलीवर ठरतं.

`सरकणं = खोली × (sin 25° − sin 18°) = खोली × 0.114`

अभिनेत्रीच्या बाजूने काढलेल्या फोटोत नाकाचं टोक डोळ्यांच्या पुढे ४ सेंटिमीटर होतं, ओठ २, हनुवटी दीड. म्हणजे नाकाचं टोक पलीकडच्या बाजूला १६ पिक्सेल सरकायला हवं, ओठ ८, हनुवटी ६. कान डोळ्यांच्या मागे ९ सेंटिमीटर, तो उलट दिशेला ३७ पिक्सेल. आखडणं आणि सरकणं एकत्र धरलं तर नाकाच्या टोकापासून पलीकडच्या डोळ्यापर्यंतचं आडवं अंतर ६३ वरून ४२ वर येतं, म्हणजे एक तृतीयांशाने कमी. अलीकडच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मात्र १५३ वरून १६४ होतं, वाढतं. चेहरा एकूण अरुंद होत असताना त्याची अलीकडची बाजू रुंद होते! आखडण्याच्या कुठल्याही टूलने हे कधीच मिळणार नाही.

झुकावालाही हाच हिशोब, फक्त उभ्या दिशेने. हनुवटी साधारण ५ अंश खाली होती. हे कानावरून कळतं. सरळ डोक्यात कानाचं वरचं टोक भुवईच्या आणि पाळी नाकाच्या तळाच्या आसपास असते. डोकं खाली झुकलं की कान वर चढतात, आणि भुवया, डोळे, ओठ यांच्या रेघा मध्ये खाली झोळ घेतात. ५ अंशांना नाकाचं टोक १२ पिक्सेल खाली, ओठ ६, हनुवटी ५. म्हणजे नाक ओठांच्या ६ पिक्सेल जवळ येतं. हे सहा पिक्सेल कुणाला दिसणार, असं वाटतं. पण ते दिले नाहीत तर डोळे झुकलेले आणि तोंड सरळ, असा दोन फोटोंचा जोड वाटतो.

हे सगळं `Edit > Transform > Warp` मध्ये दिलं. आयती चौकोनी जाळी मला चालली नाही, तिच्या रेघा कुठेही पडतात. वरच्या पट्टीतल्या स्प्लिटने माझ्या रेघा टाकल्या. एक उभी नाकावरून, दोन उभ्या डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवरून, आणि आडव्या डोळे, नाकाचा तळ, ओठ, हनुवटी अशा. मग छेदनबिंदू एकेक धरून मोजून हलवले. नाकाचा बिंदू १६ पलीकडे, १२ खाली. ओठांचा ८ आणि ६. हनुवटीचा ६ आणि ५. डोळ्यांच्या रेघेला हात लावला नाही, फक्त बाहेरचे कोपरे मधल्या रेघेकडे पाच-पाच पिक्सेल घेतले. बिंदूला जोडलेल्या हँडलांची लांबी तशीच ठेवायची, कारण ती वाढली की शेजारचा गाल फुगतो.

पर्स्पेक्टिव्ह वॉर्प मी मुद्दाम करून पाहिलं होतं, कारण नावावरून ते याच कामाचं वाटतं. दोन चौकोन टाकले, एक चेहऱ्याच्या समोरच्या भागावर, एक गालावर, सामाईक कड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत. इमारतीच्या दोन भिंतींना ते फार छान काम करतं. चेहऱ्यावर सामाईक कडेपाशी जबड्याला घडी पडल्यासारखी दिसली. पपेट वॉर्प कान आणि केसांच्या बटांना चांगलं, पण चेहऱ्याच्या मध्यावर पिना मारल्या की दोन पिनांमधलं मांस रबरासारखं वागतं. फेस-अवेअर लिक्विफायचे स्लायडर तर मी या कामात बंदच ठेवते. ते नाक-डोळ्यांचे आकार बदलतात, आणि मला आकार नको होता बदलायला, जागा बदलायची होती.

वॉर्पनंतर डोळे तपासले. कॅमेऱ्यात बघणाऱ्या माणसाचं डोकं कसंही असलं तरी बुबुळ गोलच दिसतं, कारण ते आपल्याकडेच तोंड करून असतं. आखडणं आणि स्क्यू यांनी ते थोडं लंबगोल झालं होतं. मूळ फोटोतून दोन्ही बुबुळं वेगळ्या लेयरवर आणून, फक्त ७९ टक्के करून, पापण्यांच्या मागे मास्क लावून बसवली. आणि बसवताना ती अलीकडच्या कोपऱ्याकडे ५ पिक्सेल सरकवली. डोकं आणखी ७ अंश वळलं तर पापण्या वळल्या, नजर तर कॅमेऱ्यातच राहिली, म्हणजे डोळ्यात पांढरा भाग पलीकडे थोडा वाढणारच. हे केल्याक्षणी चेहरा वळला. त्याआधी नाक वळलं होतं आणि नजर मागे राहिली होती.

कान आणि केस मी पोशाखातल्या मुलीचेच ठेवले. अभिनेत्रीचा कान ३७ पिक्सेल मागे आणि वर २८ पिक्सेल ढकलायचा म्हणजे मधल्या गालाची चादर करायची, आणि कानावरून कुणी कुणाला ओळखत नाही. जोड भुवईच्या बाहेरून, गालाच्या हाडामागून, कानाच्या पुढून जबड्याखालच्या सावलीत नेला. अभिनेत्रीचा जबडा निमुळता, त्यामुळे खालच्या मुलीची हनुवटी कडेने बाहेर डोकावत होती. ती आधी पुसून तिथे मान वाढवून घ्यावी लागली. मान अर्थातच पोझमधलीच. डोकं कललं की एका बाजूचा स्नायू ताणतो आणि दुसऱ्या बाजूला घड्या पडतात, ते तयार मिळत असताना सोडायचं कशाला.

आता ते डोळ्यांवर डोळे, ओठांवर ओठ ठेवण्याबद्दल. मी दोन प्रती केल्या. एकीत वरचं गणित. दुसरीत नेहमीचा मार्ग, म्हणजे वॉर्पचे बिंदू खालच्या मुलीच्या डोळे-नाक-ओठ-हनुवटीवर नेमके बसवले. डोळ्यांतलं अंतर १९९ केलं, नाकाचं टोक तिच्या नाकाच्या टोकावर आणलं. दोन्ही प्रती काही न सांगता नाटकाच्या मेकअप करणाऱ्या बाईंना पाठवल्या. त्या या अभिनेत्रीचा चेहरा कित्येक प्रयोगांपासून हाताळत आलेल्या.

त्यांचा लगेच फोन आला. “अगं, ही दुसरी कोण? तिची मावसबहीण आहे का?”

“दोन्ही तीच आहे, ताई. एकच फोटो आहे.”

“शक्य नाही. हिचे डोळे जवळ आहेत. आणि नाक बघ की, आखूड वाटतंय.”

दुसरी प्रत तांत्रिकदृष्ट्या जास्त सफाईदार होती, जोडसुद्धा कमी दिसत होता. पण खालच्या मुलीच्या बाहुल्यांमधलं अंतर मुळात कमी, नाक मुळात लहान, आणि मी बिंदू जुळवता जुळवता पोझेबरोबर तिचा चेहराही उचलून अभिनेत्रीला घातला होता. डोळ्यांच्या रेघेचा कोन, मधल्या रेघेचा कल, रेघांचा झोळ, मानेशी होणारा सांधा, ही पोझेची मापं आहेत. ती खालच्या फोटोतून घ्यायची. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची लांबी, हनुवटीचा आकार ही माणसाची मापं आहेत. ती वरच्या माणसाच्याच समोरच्या आणि बाजूच्या फोटोतून काढून २५ अंशांना वळवायची. २०६ आणि १९९ यांत सातच पिक्सेलांचा फरक आहे, आणि तेवढ्यात बहीण तयार होते.

पहिली प्रत पुढे नेली. शेवटचं लिक्विफाय अगदी कमी केलं, मोठ्या ब्रशने, ब्रशचा दाब कमी ठेवून, डोळे आणि ओठांवर फ्रीझ मास्क लावून. पलीकडच्या गालाची कड वॉर्पने जरा सरळ झाली होती, तिला मूळची गोलाई परत दिली. मोठा ब्रश यासाठी की लहान ब्रशने ओढलेली कड लाटेसारखी होते आणि छपाईत ती हमखास दिसते. मग कॅनव्हास आडवा उलटा करून पाहिला. उलट्या चेहऱ्यात कलाची चूक पटकन सापडते. इथे तोंडाचा एक कोपरा एक-दोन पिक्सेल वर निघाला, तेवढा खाली घेतला. बसवायचा चेहराच आडवा उलटा करून वळण जुळवण्याचा एक आडमार्ग आहे, तो मी टाळते. भांग, तीळ, हसताना एका बाजूला जाणारे ओठ सगळं उलटतं, आणि घरच्यांना चेहरा परका वाटतो.

शेवटी पोत. अलीकडचा गाल आठ टक्के ताणला गेल्यामुळे तिथली रंध्रं किंचित मऊ झाली होती आणि पलीकडचा गाल आखडल्यामुळे तिथे नको इतकी धार आली होती. आठ टक्के डोळ्याला खपतात, पंधराच्या पुढे बहुतेक नाही. पलीकडच्या बाजूला अगदी हलकं ब्लर, मग पूर्ण चेहऱ्यावर पोस्टरच्या फोटोतल्याइतका ग्रेन. तो १०० टक्क्यांवर पाहून जुळवला, लहान करून पाहिला तर सगळंच जुळलेलं दिसतं.

पोस्टर छापायला गेल्यावर दिग्दर्शकाने त्याच दिवसाचा आणखी एक फोटो पाठवला, खांद्यावरून मागे वळून बघणारा, वळण पन्नासच्या वर. “हाच चेहरा यालाही लावून दे, आता तर सवय झालीय.” त्यात पलीकडचा डोळा नाकाच्या मुळाआड अर्धा गेलेला होता, आणि माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत तो पूर्ण होता. मी नाही म्हटलं आणि अभिनेत्रीला अर्धा तास मागितला. अंतर तेच अडीच मीटर, दिवा त्याच बाजूला, आणि चेहरा वळवताना दर थोड्या अंशांना एक फोटो, पलीकडच्या डोळ्याची पापणी नाकाला टेकेपर्यंत.